आकडा वाचला, अक्षर राहिलं

प्रश्न : दिवसाचा पास काढावा की दर वेळी तिकीट? माझ्या जाऊन-येऊन दोनच फेऱ्या होतात.

फेऱ्या मोजू नका. बसमध्ये किती वेळा चढता ते मोजा.

समजा, पासाची किंमत तुमच्या एका तिकिटाच्या चौपट आहे. जाताना एकदा आणि येताना एकदा बस बदलावी लागत असेल, तर तुम्ही दिवसात चार वेळा चढता. प्रत्येक वेळी नवं तिकीट लागत असेल तर पास आणि तिकिटं यांचा हिशोब बरोबरीत सुटतो, आणि वाटेत आणखी कुठे उतरून पुढे जायचं असेल तर पास स्वस्त पडतो. पण काही शहरांत ठरावीक मिनिटांच्या आत दुसरी बस पकडली तर पहिलंच तिकीट चालतं. तसं असेल तर चार चढण्यांना दोनच तिकिटं पुरतात आणि पासाला तुम्ही दुप्पट पैसे मोजता. टप्प्यांप्रमाणे भाडं असेल तर चारही तिकिटं सारख्या किमतीची नसतात. म्हणून नेहमीच्या एका दिवसाची सगळी तिकिटं जपून ठेवा आणि संध्याकाळी त्यांची बेरीज करा.

पासाच्या जाहिरातीत ‘अमर्यादित प्रवास’ हे शब्द मोठ्या अक्षरांत असतात. तो कोणत्या बसमध्ये चालत नाही, हे खाली बारीक अक्षरांत असतं. वातानुकूलित आणि जलद गाड्या बऱ्याचदा त्या बारीक ओळीत सापडतात. पैसे देण्याआधी खिडकीवर तेवढं विचारा.

प्रश्न : रात्री दहाला दिवसाचा पास घेतला. उद्या रात्री दहापर्यंत चालेल ना?

पासावर ‘पहिल्या वापरापासून चोवीस तास’ असं छापलं असेल तरच चालेल. तारीख छापली असेल तर तो त्या तारखेपुरताच असतो. मध्यरात्रीनंतरची शेवटची बस त्यात धरतात की नाही, ते वाहकाला चढण्याआधी विचारा.

प्रश्न : मैत्रिणीचा पास रविवारी पडून असतो. मी वापरला तर?

नाव किंवा फोटो असलेला पास दुसऱ्याने वापरायचा नसतो. पकडला गेलात तर पास तिचा जप्त होईल.

प्रश्न : मुलाकडे १४ नंबरचा विद्यार्थी पास आहे. तो १४ नंबरच्याच बसमध्ये बसला होता, तरी तपासनिसाने दंड घेतला. ही लूट नाही का?

अशी तक्रार माझ्याकडे सतत येते. जवळजवळ प्रत्येक वेळी आकडा बरोबर वाचलेला असतो आणि त्याच्यामागचं अक्षर वाचायचं राहिलेलं असतं. तुम्ही दंडाच्या पावतीचा फोटो पाठवलात हे बरं केलंत. तिच्यावर मार्ग ‘१४-क’ लिहिला आहे.

अंकामागचं अक्षर शोभेसाठी नसतं. १४ आणि १४-क एकाच ठिकाणाहून सुटतात, बराच वेळ एकाच रस्त्याने जातात आणि एका चौकात वेगळ्या होतात. एक सरळ कॉलेजकडे जाते, दुसरी वळून वसाहतीत शिरते. विद्यार्थी पास बहुतेक ठिकाणी सगळ्या शहरासाठी नसतो. घराजवळचा थांबा, कॉलेजजवळचा थांबा आणि ‘मार्गे’ या रकान्यात लिहिलेला रस्ता, एवढ्यापुरताच तो असतो. मुलगा चढला तेव्हा वाहकाने पास पाहून मान डोलावली असेल, कारण तिथे दोन्ही गाड्यांचा रस्ता एकच होता. बस चौकातून वळली की तोच पास निरुपयोगी झाला.

म्हणून पावतीवर तपासणीचा थांबा कोणता लिहिला आहे ते आधी पाहा. तो चौकाच्या अलीकडचा असेल आणि तुमच्या पासाच्या नियमात ‘या रस्त्यावरची कोणतीही साधी बस’ असं असेल, तर दंड चुकीचा आहे. पावती आणि पासाची प्रत जोडून आगारात लेखी तक्रार द्या. थांबा चौकाच्या पुढचा असेल तर तपासनिसाचं काही चुकलं नाही.

आता थांब्यावरची पाटी. समजा तिच्यावर ७.००, ७.१५ क, ७.३०, ७.४५ क अशा वेळा आहेत. मुलं म्हणतात, दर पंधरा मिनिटांनी बस आहे. कॉलेजसाठी ती दर अर्ध्या तासाने आहे. साडेसातची चुकली तर पुढची कामाची बस आठची, पावणेआठची नव्हे. ‘क’ने चौकापर्यंत जाऊन पुढची पकडू, असंही काही जण करतात. चौकातून कॉलेजकडे दुसऱ्या नंबरची बस जात असेल आणि तिच्यात पास चालत असेल, किंवा तिथून चालत जाण्याइतकं जवळ असेल, तर ते ठीक आहे. नाहीतर चौकात उभं राहून त्याच आठच्या बसची वाट पाहावी लागते.

आकडा आणि अक्षर वाचून झालं की शेवटच्या थांब्याचं नावही वाचलंच पाहिजे. काही फेऱ्यांचा नंबर तोच असतो, पण त्या अर्ध्या वाटेवरून परत फिरतात. ते फक्त बसच्या पाटीवरच्या नावावरून कळतं, किंवा वेळापत्रकात त्या वेळेवर खूण असते आणि तिचा अर्थ तळाला दिलेला असतो. ‘मर्यादित’ लिहिलेली बस त्याच रस्त्याने जाते, पण मधले थांबे सोडते. तिच्यात साधा पास चालतो का, हे वेगळं विचारावं लागतं.

मुलाला दोन्ही गाड्या खरोखरच लागत असतील तर पासाचा अर्ज भरतानाच ‘मार्गे’च्या रकान्यात दोन्ही रस्ते लिहून मिळतात का, ते पास खिडकीवर विचारा. पास हातात आल्यावर तिथेच उभं राहून तो रकाना वाचा. घरी जाऊन वाचलात तर दुरुस्तीसाठी पुन्हा रांग लावावी लागेल.

प्रश्न : पासाची मुदत संपली तरी आठवडाभर चालतो असं कॉलेजात सगळे म्हणतात. आणि एक माणूस जादा पैसे घेऊन रांगेशिवाय पास काढून देतो. देऊ का त्याला?

‘सगळे म्हणतात’ हे तपासनिसाला सांगून पाहा! सवलतीचे दिवस असतील तर ते लेखी सूचनेत असतात. तशी सूचना दिसली नाही, तर मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही विनातिकीट आहात.

त्या माणसाला पैसे देऊ नका, आणि कॉलेजचा दाखलाही देऊ नका. तुमच्या नावाच्या कागदाचं तो पुढे काय करतो ते तुम्हाला कळणार नाही, आणि पास खोटा निघाला तर जबाब तुम्हालाच द्यावा लागेल. रांग लांब वाटते, कारण निम्मे विद्यार्थी शेवटच्या दिवशी येतात. नूतनीकरण किती दिवस आधी सुरू होतं ते आजच विचारा आणि कॉलेजचा सही-शिक्क्याचा दाखला त्याआधी हातात ठेवा.

प्रश्न : पाटीवर ८.०५ लिहिलं होतं, बस ८.०२ लाच निघून गेली. तक्रार करता येते का?

तो थांबा कोणता, यावर ते अवलंबून आहे. मार्गावरच्या काही मोजक्या थांब्यांची वेळ पक्की असते. बस लवकर पोहोचली तर तिने तिथे थांबायचं असतं. मधल्या थांब्यांच्या वेळा अंदाजाने काढलेल्या असतात, आणि रस्ता मोकळा असला की बस तिथून आधी जाऊ शकते. तुमचा थांबा कोणत्या प्रकारचा, ते आगाराच्या वाहतूक नियंत्रकाला विचारा. पक्क्या वेळेचा असेल तर तारीख, वेळ आणि बसच्या मागे लिहिलेला गाडी क्रमांक देऊन तक्रार करा. गाडी क्रमांक म्हणजे मार्गाचा नंबर नव्हे. त्या मार्गावर दिवसभरात अनेक गाड्या धावतात, आणि नुसतं ‘१४ नंबरची बस’ लिहिलंत तर चौकशी कोणाची करायची हेच ठरत नाही.

प्रश्न : एकाच नावाचे दोन थांबे समोरासमोर आहेत. कुठे उभं राहू?

पाटीवर पुढच्या थांब्यांची यादी असते. तुम्हाला जायचं ते नाव त्यात नसेल तर रस्ता ओलांडा. यादीच नसेल तर येणाऱ्या बसच्या वाहकाला शेवटचा थांबा विचारा आणि मगच चढा.