नवीन क्लायंट काम देण्याआधी फुकट सॅम्पल मागतोय, काय उत्तर द्यावं?

*“मी फ्रीलान्स भाषांतर करतो. एका कंपनीने सुमारे हजार शब्दांचं ‘टेस्ट’ पाठवलंय, पैसे नाहीत, परवा सकाळपर्यंत हवंय. नाही म्हटलं तर काम जाईल अशी भीती वाटते. काय करावं?”*

करू नका. निदान हजार शब्द तरी करू नका.

फाइल उघडून आधी एक गोष्ट बघा. ती सुरू कुठून होते? मलाही एकदा अशीच टेस्ट आली होती. ती मुद्दा क्रमांक ४.२.७ पासून सुरू झाली होती आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. म्हणजे दिसलं होतं, पण तेव्हा काम हवं होतं, त्यामुळे दिसूनही दिसलं नाही.

मजकूर होता घरच्या घरी रक्तदाब मोजायच्या यंत्राच्या माहितीपुस्तकातला. “फक्त चार पानं आहेत, तुमची शैली बघायची आहे,” असं मेलमध्ये लिहिलं होतं. शब्द मोजले तर ११५० भरले. पहिलंच वाक्य असं होतं की ‘त्यानंतर तो पुन्हा सैल करा’. ‘तो’ कोण? आधीची पानं माझ्याकडे नव्हतीच. मी विचारलं तर उत्तर आलं, “अंदाजाने करा, फक्त टेस्ट आहे.” फक्त टेस्ट होती तर अध्येमध्ये तोडलेला मजकूर कशाला दिला, हे विचारायचं मला सुचलं नाही.

दोन रात्री बसले. दंडाला गुंडाळायच्या त्या भागाला काय म्हणावं यावरच एक तास गेला. नुसतं ‘पट्टा’ म्हटलं तर कंबरेचा वाटतो, ‘कफ’ म्हटलं तर खोकला आठवतो. शेवटी ‘बाहुपट्टी’ असा शब्द मीच जुळवला आणि स्वतःवरच खूश झाले. पाठवल्यावर आठवड्याने एक ओळ आली, की निवड झाली नाही, पुढे काही असल्यास कळवू. काय चुकलं ते विचारलं, त्याला उत्तर नाही.

काही महिन्यांनी एका ओळखीच्या बाईंनी तेच यंत्र घेतलं. “तू भाषांतर करतेस ना, हे वाचून दाखव, मला काही कळत नाही,” म्हणाल्या. कळणार कसं? सुरुवातीच्या पानांवर ‘पट्टा’, मध्ये चार पानं ‘बाहुपट्टी’, त्यापुढे शेवटपर्यंत ‘कफ’. एकच बटण एका पानावर ‘सुरू’, दुसऱ्यावर ‘चालू’, तिसऱ्यावर ‘ऑन’. वाचणाऱ्याला वाटावं की यंत्राला तीन वेगवेगळे भाग आहेत. माझ्या पानांवर ‘डाव्या दंडवर’ असं छापलं होतं. ‘दंडावर’मधला काना मी घाईत खाल्ला होता आणि तो तसाच छापखान्यात गेला. तपासणाऱ्याने नाकारलेल्या मजकुराची निदान एवढी तरी चूक काढली असती.

हिशेब सोपा आहे. चाळीस पानांचं पुस्तक, प्रत्येकी चार पानं, दहा ‘उमेदवार’. सगळ्यांची टेस्ट झाली की पुस्तक तयार, आणि निवड कुणाचीच होत नाही. दर वेळी असंच होतं असं मी म्हणत नाही, पण झालं की ओळखू येतं. मजकूर मध्येच सुरू होतो, पानांचे आकडे मूळ पुस्तकातलेच असतात, मुदत विनाकारण जवळची असते आणि काम मूळ मांडणीतच परत हवं असतं, तक्त्यांसकट. भाषा तपासायला तक्ते कशाला लागतात?

आता आमच्यातल्या एका ज्येष्ठांबद्दल, कारण या क्लायंटला माझं नाव त्यांनीच सुचवलं होतं. मी हे सगळं सांगितल्यावर म्हणाले, “शितावरून भाताची परीक्षा असते, त्यात एवढं काय मनाला लावून घ्यायचं? नमुना द्यायला नाही म्हणणाऱ्याला आपल्या कामाची खात्री नसते.” यावर मी तेव्हा गप्प बसले, ते अजून सलतं. अहो, शितावरून ना! पातेलं रिकामं करून भात कसा झालाय ते कुणी बघत नाही. एक माणूस दिवसाला साधारण दोन हजार शब्द नीट करतो. म्हणजे ११५० शब्द हा निम्म्याहून जास्त दिवस झाला, आणि विषय नवा असला तर अख्खा दिवस. भाषा येते की नाही हे अडीचशे शब्दांत कळतं. ज्याला तेवढ्यात कळत नाही त्याला हजारातही कळणार नाही, कारण तपासायला बसलेल्यालाच ती भाषा येत नसते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. मी हल्ली असं लिहून पाठवते: “आपल्या मजकुरातले कोणतेही सलग २५० शब्द मी नमुना म्हणून विनामूल्य करून देईन. पूर्ण हजार शब्द हवे असतील तर ते नेहमीच्या दराने करेन आणि पुढचं काम मिळाल्यास ती रक्कम पहिल्या बिलातून वजा करेन. पैसे मिळेपर्यंत नमुना फक्त मूल्यमापनासाठी वापरावा.” एवढंच. माफी नाही, स्वतःच्या अनुभवाची वर्षं नाहीत, ‘समजून घ्याल अशी आशा’ नाही.

वजावटीची ओळ महत्त्वाची आहे. खरोखर काम द्यायचं असेल तर त्याचा एक पैसाही जास्त जात नाही, त्यामुळे नाही म्हणायला त्याच्याकडे कारण उरत नाही. जो तरीही “आमचं धोरण नाही” म्हणतो, त्याच्याकडे पुढचं काम बहुधा नसतंच. एकाने हे वाचून उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने चार दिवसांनी “ठीक आहे, बिल पाठवा” लिहिलं, त्याचं काम आजही करते.

सोबत तयार नमुने जोडा. जुन्या क्लायंटचं काम दाखवायचं नाही, ते गोपनीय असतं आणि तुमचं नसतं. मी तीन नमुने स्वतः बनवून ठेवलेत: एक तांत्रिक, एक कायदेशीर, एक जाहिरातीचा. मूळ मजकूरही मीच लिहिला, म्हणजे हक्काचा प्रश्न येत नाही. डावीकडे मूळ, उजवीकडे भाषांतर, प्रत्येकी एक पान. निम्मे लोक ते बघूनच टेस्टचा विषय सोडतात.

आता थोडं मागे घेते. भाषांतर संस्था यादीत नाव घालण्याआधी जी छोटी चाचणी घेतात, दोनशे-तीनशे शब्दांची, सगळ्यांना एकच आणि तपासून शेरा देणारी, ती मी आजही फुकट देते. त्या मजकुराचा त्यांना दुसरा उपयोग नसतो, तो कित्येकांनी आधीच करून झालेला असतो. आणि अगदी सुरुवातीला माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं तेव्हा मीही लांबलचक टेस्ट दिल्यात, त्यातल्या दोन फळल्या. त्या ज्येष्ठांना हे सांगू नका.

तुमच्या बाबतीत मला हजार शब्दांपेक्षा ‘परवा सकाळपर्यंत’ जास्त खटकतंय. माणूस निवडायची घाई असते तेव्हा लोक आधी फोन करतात. मजकुराची घाई असली की फाइल येते. क्लायंटचं नाव न लिहिता एवढंच सांगा: तुमच्या फाइलच्या पहिल्या पानावर आकडा कोणता आहे?