सोडियम चॅनेलची दोन दारं आणि लिग्नोकेन

चेतापेशीच्या पटलातल्या सोडियम चॅनेलच्या ‘बंद’ आणि ‘निष्क्रिय’ या दोन अवस्था एकच समजू नका. बहुतेकांची गाडी इथेच अडते. पेशी विश्रांतीत असताना, म्हणजे -७० मिलिव्होल्टला, सोडियम चॅनेलचं सक्रियण-दार बंद असतं, निष्क्रियण-दार उघडं. पटल -५५ च्या आसपास आलं की पहिलं दार झटकन उघडतं, सोडियम आत घुसतो. साधारण मिलिसेकंदात दुसरं दार मिटतं. आता कितीही उद्दीपन द्या, पटल पुन्हा ऋण झाल्याशिवाय चॅनेल उघडणार नाही. पोटॅशियम चॅनेललाही इशारा तोच मिळतो, पण ते सावकाश उघडतं आणि सावकाश मिटतं; म्हणून पटलाचा विभव -७० च्याही खाली घसरतो.

लिग्नोकेन हे चॅनेल अडवून जागा बधिर करणारं औषध. ते सोडियम चॅनेलला आतल्या बाजूने चिकटतं, तेही उघड्या किंवा निष्क्रिय अवस्थेत जास्त घट्ट. म्हणून सतत संदेश धाडणारी चेता लवकर बधिरते. विश्रांती-विभव मात्र जवळपास तसाच राहतो.

लिग्नोकेनचा पटल ओलांडतो तो प्रभाररहित रेणू, चिकटतो मुख्यतः प्रभारित. पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू प्रभारित असतात तो, ७.९ धरा: पीएच ७.४ ला प्रभाररहित भाग सुमारे २४ टक्के. पू झालेल्या ऊतीत पीएच ६.४ असेल तर जेमतेम ३. गळवात इंजेक्शन देऊनही दुखतं, त्याचं एक मोठं कारण हे.