कागदपत्रं देण्याआधी रिक्रूटरला काय विचारू?

प्रश्न: रिक्रूटर म्हणते, "पुणे लोकेशन, हायब्रिड आहे, आधार-पॅन आणि तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप पाठवा." आधी काय विचारून घेऊ?

उत्तर: फोनवर बोलणं झालं तरी प्रश्न ईमेलवरच पाठवा, उत्तर लेखी मिळतं. "पुणे" एवढ्यावर थांबू नका. हिंजवडी फेज ३ आणि खराडी ही शहराची दोन टोकं आहेत, रोजच्या प्रवासात तासांचा फरक पडतो. असं लिहा:

"ऑफिस नेमकं कुठे आहे, कंपनीचं की क्लायंटचं? आठवड्यात किती दिवस यायचं, ते दिवस कोण ठरवतं? ऑफर लेटरमधल्या बदलीच्या कलमाचा मजकूर पाठवाल का?"

क्लायंटचं ऑफिस असेल तर हायब्रिडचे दिवस बहुतेकदा क्लायंटच ठरवतो, आणि प्रोजेक्ट बदलला की तेही बदलतात. बदलीचं कलम तर नीट वाचाच. "भारतातील कोणत्याही कार्यालयात" असे शब्द असतील, तर रिक्रूटरने तोंडी दिलेल्या "पुण्यातच राहाल"ला फारसा अर्थ उरत नाही. किती दिवसांची नोटीस मिळेल, सामान हलवायचा खर्च कोण देईल आणि नकार दिला तर काय, हेही विचारा.

तोवर फक्त रेझ्युमे द्या. मुलाखतीआधी आधार लागायचं कारण नाही. पुढे ओळखीसाठी मागितलंच तर शेवटचे ४ अंक दिसणारं मास्क्ड आधार UIDAI च्या साइटवरून काढा. सॅलरी स्लिप पगाराची बोलणी सुरू झाल्यावर. "आधी कागद, मग माहिती" असा हट्ट दिसला, तर कंपनीच्या करिअर पेजवर ती जागा आहे का ते पाहा.