उपाशीपोटी घराचा व्यवहार नको

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलंय. हिवाळ्यात दर शनिवारी सकाळी साडेआठला त्यांचे यजमान चिपळूणला मोठ्या भावाशी व्हिडिओ कॉलवर गावच्या घराचं बोलतात. "एरवी हे शांत, पण त्या कॉलवर दहाव्या मिनिटाला आवाज चढतो. परवा म्हणाले, 'जे मिळतील ते घे आणि विकून टाक, डोक्याला ताप नको.' दादांनी खरंच गिऱ्हाइकाला होकार कळवला. आता हे हळहळतायत."

ताई, तुमच्या साडेआठला चिपळुणात संध्याकाळचे सात वाजतात. दादांचं दुपारचं जेवण झालेलं, चहा-खाणंही उरकलेलं. तुमचे यजमान मात्र आदल्या रात्री सातला जेवले असतील, तर साडेतेरा तास उपाशी, वर नुसती काळी कॉफी.

निरोगी माणसाची साखर एवढ्या वेळात धोक्याइतकी उतरत नाही, यकृत साठ्यातली सोडत राहतं. तरी शरीर अस्वस्थ असतंच, आणि ती अस्वस्थता भुकेची आहे हे आपल्याला कळत नाही. समोर चिडण्याजोगं काही आलं की तिचं सगळं खापर त्याच्यावर फुटतं. 2018 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या संशोधकांनी नेमकं हेच दाखवलं. आधी त्रासदायक चित्र पाहिलेल्या भुकेल्यांना पुढची साधी, अर्थ न लागणारी खूणही जास्त वाईट वाटली. चांगलं किंवा साधं चित्र पाहिलेल्यांच्या बाबतीत भुकेने असा फरक पडला नाही. म्हणून तुमच्या घरी रोजच्या सकाळी शांत जातात आणि भांडण होतं ते त्या कॉलवरच.

व्यवहाराचं नुकसान वेगळ्याच वाटेने होतं. 2019 मध्ये स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठात लोकांना विचारलं, आत्ता थोडं घेता, की थांबून दुप्पट? भुकेल्यांचा धीर लवकर सुटला, आणि तो फक्त खाण्याच्या बाबतीत नव्हे, पैशाच्या बाबतीतही. "जे मिळतील ते घे" हे वाक्य तिथलंच आहे.

तेव्हा कॉल साडेनवाला ठेवा, दादांना रात्रीचे आठ चालतील. त्याआधी शेंगदाणे घातलेले पोहे आणि एखादं अंडं होऊ द्या. चहा-बिस्किटावर भागवू नका, ती भूक तासाभरात परत येते. शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर दोघांनी बसून कमीत कमी किती किंमत चालेल तो आकडा कागदावर लिहा आणि कॉलच्या वेळी तो समोर ठेवा. परवाच्या होकाराचं म्हणाल, तर इसार घेतला नसेल तर दादांना आजच फोन करा. मात्र आधी जेवा.

एक गोष्ट विचारायची राहिली. यजमानांना मधुमेह आहे का? इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधं चालू असतील, तर चिडचिडीबरोबर घाम आणि हातांची थरथर दिसते का ते बघा. दिसली तर वाद थांबवून लगेच साखर तपासा. 70 च्या खाली असेल तर अर्धा कप फळांचा रस द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि हे डॉक्टरांच्या कानावर घाला.