रँचवरची करारी आई आणि उशिरा आलेला मुलगा: ही कुठली जुनी वेस्टर्न मालिका?

प्रश्न: ऐंशीच्या दशकात अमेरिकेत मामांकडे एक जुनी रंगीत वेस्टर्न मालिका पाहायचे. मोठी रँच, पांढऱ्या केसांची करारी आई, तिची मुलं, त्यातला एक भाऊ बाहेरून आलेला. गावात शेरीफ होता, एका डाकूंच्या टोळीने आईला पळवलेलं आठवतं. सगळे ‘बोनान्झा’ म्हणतात, पण मला पटत नाही. नाव सांगू शकाल?

उत्तर: तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. ही ‘द बिग व्हॅली’. ‘बोनान्झा’त आई असूच शकत नाही, कारण ती गोष्टच बापाची आहे: बेन कार्टराइट तीनदा विधुर झालेला आणि तिन्ही मुलगे तीन वेगवेगळ्या बायकांचे. पॉन्डेरोसा रँचच्या घरात स्वयंपाकही हॉप सिंग नावाचा आचारी करतो. तुमच्या आठवणीत घराची मालकीण बाई आहे, तिथेच ‘बोनान्झा’ बाद होते.

‘बिग व्हॅली’ १९६५ ते १९६९ या काळात एबीसीवर चालली, चार सीझन, ११२ भाग. जागा कॅलिफोर्नियातलं सॅन वाकीन खोरं, जवळचं गाव स्टॉकटन, काळ १८७० च्या दशकातला. विधवा व्हिक्टोरिया बार्कलीचं काम बार्बरा स्टॅनविकने केलं होतं. मालिका सुरू झाली तेव्हा ती ५८ वर्षांची होती, आणि रुपेरी केस तसेच ठेवून घोड्यावर मांड ठोकायची. तुमच्या मनात ती इतकी वर्षं टिकली याचं मला अजिबात नवल वाटत नाही.

पण माझी खरी खात्री पटली ती ‘बाहेरून आलेल्या भावा’वरून. पहिल्याच भागात हीथ नावाचा तरुण बार्कलींच्या रँचवर येतो आणि सांगतो की मी टॉम बार्कलीचा मुलगा आहे. टॉम म्हणजे व्हिक्टोरियाचा मेलेला नवरा, आणि हीथ त्याचा अनौरस मुलगा. व्हिक्टोरियाचा तापट मुलगा निक त्याच्याशी हातघाईवर येतो. थोरला जॅरड वकील, तो शब्द तोलून बोलतो. व्हिक्टोरियाला नवऱ्याचं हे गुपित पचवायचं असतं, तरी ती हीथला घरात घेते. पुढे चार वर्षं बऱ्याच भागांच्या तळाशी हाच प्रश्न राहतो: हा आपला की परका? हीथ झाला होता ली मेजर्स, पुढे ‘सिक्स मिलियन डॉलर मॅन’ म्हणून गाजलेला. बहीण ऑड्रा म्हणजे लिंडा इव्हान्स, ‘डायनॅस्टी’तली क्रिस्टल. ऐंशीच्या दशकात हे दोघे टीव्हीवर ओळखीचे होते, म्हणून तेव्हा पाहताना त्यांचे चेहरे कदाचित परिचयाचे वाटले असतील.

शेरीफ आणि टोळी या दोन खुणांवर मात्र फार विसंबू नका. रँचच्या मालिकांत शेरीफ हा दुय्यम माणूस असतो. गुन्हा घडला की येतो, पुन्हा दोन-तीन भाग दिसत नाही. छातीवर तारा लावलेला माणूसच नायक असेल तर गोष्ट वेगळी. मग ‘गनस्मोक’ धरा. तिथला मॅट डिलन शेरीफ नसून मार्शल आहे. टोळीचंही तेच. तिच्यावरून फार तर भाग सापडतो, मालिका नाही, कारण टोळी बहुतेक त्याच भागात संपते. त्यात व्हिक्टोरियावर असे प्रसंग इतक्यांदा आलेत की ‘आईला पळवलं’ एवढ्यावर नेमका भाग काढणंही अवघड आहे.

गोंधळ होऊ शकेल अशा दोन मालिका आहेत. ‘हाय चॅपरल’मध्येही व्हिक्टोरिया नावाची बाई आहे, पण ती रँचमालकाची मेक्सिकन बायको, तरुण, काळ्या केसांची, आणि ती रँच ॲरिझोनात आहे. ‘लान्सर’ जास्त फसवी. खोरं तेच, सावत्र भाऊही आहेत. पण तिथे मुलांना बोलावून घेणारा म्हातारा बाप आहे, आई नाही.

एखादा भाग मिळाला तर आधी घर बघा: पांढरं, दर्शनी खांबांचं, हवेलीसारखं, आत रुंद जिना. लाकडी ओंडक्यांचं घर दिसलं तर ती पॉन्डेरोसा. मग निककडे बघा. काळी पँट, चामडी जाकीट, हातमोजे, आणि घरात शिरताशिरताच आरडाओरडा. सुरुवात पहिल्या भागापासून करा. त्यात हीथचं येणं आहे, आणि नेमकं तेच तुम्हाला आठवतंय. पहिल्या सीझनमध्ये यूजीन नावाचा धाकटा भाऊही मधूनमधून दिसेल. तो पुढे काही न सांगता गायब होतो, म्हणून मालिका चुकली असं समजू नका.