कॉम्प्टनचा प्रयोग करताना ऊर्जेआधी तरंगलांबी बघ

सीझियम-१३७ घेऊन कॉम्प्टन विकिरणाचा प्रयोग करणार असशील, तर ऊर्जा विरुद्ध कोन असा आलेख काढत बसू नकोस. तो वक्र येतो आणि त्यातली चूक डोळ्यांना कळत नाही. आधी प्रत्येक ऊर्जेची तरंगलांबी काढ, मग ती (1 − cosθ) समोर मांड. सरळ रेषा यायला हवी, कारण

Δλ = (h/mc)(1 − cosθ)

इथे h/mc म्हणजे 2.43 पिकोमीटर. मूळ फोटॉन 662 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा, म्हणजे तरंगलांबी 1.87 पिकोमीटर. 90 अंशांवर त्यात अख्खे 2.43 मिळतात, बेरीज 4.30, आणि ऊर्जा उरते जेमतेम 288. तरंगलांबीतली ही वाढ मूळ फोटॉनवर अवलंबून नसते, फक्त कोनावर असते. म्हणूनच दृश्य प्रकाशात, जिथे तरंगलांबी 500 नॅनोमीटर आहे, ती दिसतच नाही.

रेषा येत नसेल तर आधी कोनाचा शून्य तपास. डावीकडे 60 आणि उजवीकडे 60 अंशांवर मोज. शिखर वेगळ्या ठिकाणी आलं, तर शून्य सरकलेला आहे. अगदी लहान कोनांवर मात्र विसंबू नकोस. तिथे बदल मुळातच थोडा असतो, शिवाय स्रोताचा थेट झोत शोधकात शिरून 662 चं शिखर मिसळतं. लक्ष्य काढून तेवढाच वेळ पुन्हा मोज आणि ती मोजणी वजा कर.