एक कांदा, एक सुरी: वाचकांचे प्रश्न

आधी सोलायचा की आधी अर्धा करायचा?

आधी अर्धा. अख्खा सोलत बसलात तर नखं दुखतील.

पोह्यांसाठी कांदा बारीक चिरताना तो हातातून निसटतो, पाकळ्या चहूकडे पसरतात. खोलीवर एकच सुरी आहे. क्रम सांगाल का?

तुम्ही बूड आधी उडवत असणार. जवळजवळ सगळे तेच करतात. पण मुळांकडचं ते बूडच सगळ्या पाकळ्या धरून ठेवतं, ते गेलं की कांदा सुटला.

पाटाखाली ओलं फडकं पसरा, म्हणजे पाट सरकणार नाही. शेंड्याकडून अर्धा सेंटिमीटर कापा आणि त्या सपाट भागावर कांदा उभा करा. आता बुडाच्या मधोमध वरून खाली सुरी घाला. दोन्ही अर्ध्यांना बुडाचा तुकडा राहायला हवा. साल काढा, तिच्याखालचा चामट पापुद्राही काढा, कारण सुरी घसरते ती त्याच्यावरच. मग अर्धा कांदा पालथा घाला. गोल कांदा चिरायचाच नसतो, सपाट बाजू नेहमी खाली.

सुरीचं टोक बुडाकडे ठेवून उभे काप द्या, बुडाच्या सेंटिमीटरभर अलीकडे थांबा. कांदा वळवून शेंड्याकडून आडवं चिरत या, चौकोनी तुकडे आपोआप पडतील. हॉटेलातले लोक मध्ये पाटाला समांतर एक काप देतात. तो तुम्ही देऊ नका. त्यात पातं दुसऱ्या हाताच्या दिशेने येतं, आणि कांद्याला पाकळ्या मुळातच असल्याने फार काही बिघडत नाही.

दुसऱ्या हाताच्या बोटांची टोकं आत वळवा, अंगठा त्यांच्या मागे. पात्याची बाजू मधल्या बोटाच्या पेराला घासत राहिली पाहिजे, आणि पातं त्या पेराच्या वर उचलायचं नाही. शेवटी बोटभर तुकडा उरला की तो आडवा पाडून चिरा किंवा सोडून द्या. बहुतेक बोटं तिथेच कापतात, दोन चमचे कांदा वाचवण्याच्या नादात. पहिले दोन-तीन कांदे घरातल्या जाणत्या माणसासमोर चिरा. हात कुठे चुकतोय ते वाचून कळत नाही.

मी नवशिकी आहे म्हणून आईने मुद्दाम बोथट सुरी दिली आहे. हात बसला की धारेची घे म्हणते.

आईंना हे वाचून दाखवा. वर्गात नव्या मुलांच्या हातावर पट्टी दिसली की मी आधी सुरी मागवते, आणि ती बहुतेक वेळा बोथटच निघते. धारेची सुरी तुम्ही ठेवाल तिथे शिरते. बोथट सुरी सालीवर अडते, मग तुम्ही जोर लावता, आणि त्या जोरासकट ती बाजूला घसरते. बाजूला बोट असतं. एका मुलीला असेच तीन टाके पडले. सुरी इतकी बोथट होती की तिने टोमॅटोसुद्धा चिरला नसता.

तपासणं सोपं आहे. न सोललेल्या कांद्यावर पातं ठेवा आणि दाब न देता पुढे ओढा. साल चिरली तर धार आहे, नुसती घसरली तर नाही. तात्पुरती सोय म्हणून चिनी मातीचा कप पालथा घाला. त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर पात्याची पाठ बोटाच्या जाडीएवढी उचलून दोन्ही बाजू आठ-दहा वेळा सारख्या ओढा, मग सुरी धुऊन पुसा. नीट धार मात्र धारवाल्याकडूनच लावून घ्या, आणि तो कोन कसा धरतो ते बघून या. ‘धार कधीच लावावी लागणार नाही’ म्हणून विकतात त्या सुऱ्यांवर पैसे घालवू नका. प्रत्येक पातं बोथट होतं.

डोळ्यांना पाणी येऊ नये म्हणून डोक्यावर कांद्याची साल ठेवू की तोंडात पाव?

पाव चहाबरोबर खा. कांद्याच्या पेशी फुटल्या की आतला रस आणि विकरं एकत्र येऊन झोंबणारा वायू तयार होतो. बोथट सुरी पेशी जास्त चिरडते, म्हणजे पुन्हा धारच. कांदा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवल्यानेही वायू कमी सुटतो. डोळे दुसऱ्या दिवशीही लाल असतील तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

त्यापेक्षा दोरीचा चॉपर घेऊ का?

घ्या, पण त्यात घालायलाही कांदा आधी सुरीनेच चार भागांत कापावा लागतो. जाहिरातीत ते दाखवत नाहीत.

चार दिवसांपूर्वी बोट कापलं, हळद भरली. आता ठणकतंय. आठवडाभर वाट पाहू?

नाही. आजच डॉक्टरांकडे जा, चार दिवस आधीच गेलेत. ताजी जखम नळाखाली धुवायची आणि स्वच्छ कापडाने दहा मिनिटं दाबून धरायची, मध्ये उघडून न बघता. त्यानंतरही रक्त थांबलं नाही, बोट बधिर वाटलं किंवा वाकेना, तर त्याच दिवशी दवाखाना. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जखम लहान असली तरी दाखवा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही तिथेच विचारा. हळद फोडणीत घाला.